तीन वर्षांत हंगाम किती?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणातल्या आमच्या तळमजल्याच्या भाड्याच्या घरात छातीपर्यंत चढलं. चिखल काढायला आठ दिवस लागले आणि नवव्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, आता जे काय घ्यायचं ते उंचावर." ती शृंगारतळीजवळच्या शाळेत शिकवते, मी लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आहे. गुहागर तालुक्यात सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या अंगाला पाच गुंठे घ्यायचे आणि चिऱ्याचं लहानसं घर बांधायचं, असं ठरलं. गृहकर्ज म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक होतं, कारण माझ्या भावाने फ्लॅट घेताना त्याच्यासोबत मीच बँकेच्या खेपा घातल्या होत्या. नुसत्या जमिनीसाठीचं कर्ज हा प्रकार वेगळा आहे, ते मात्र शाखेत जाऊन बसेपर्यंत कळलं नव्हतं.

पहिली जागा आम्ही पाहिली ती दाभोळ खाडीच्या काठची. माड, समोर पाणी, दर गुंठ्याला कमी. मालक म्हणाले, "बँकेचं होऊन जाईल, घाई करा." मी कागद घेऊन बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी सातबारा पाहिला, "बागायत" हा शब्द वाचला आणि कागद माझ्याकडे सरकवला. शेतजमिनीवर प्लॉटचं कर्ज होत नाही. जमीन बिनशेती असली पाहिजे, ती निवासी वापरासाठी असली पाहिजे, आणि मंजूर रेखांकनातला प्लॉट हवा. मोठ्या तुकड्यातले पाच गुंठे कोणी पेन्सिलीने आखून दिलेले चालत नाहीत, कारण तुकडेबंदी कायद्यामुळे तशा खरेदीची दस्तनोंदणीच तेव्हा अडत होती. शिवाय मी शेतकरी नसल्यामुळे कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे ती जमीन मला एरवीही घेता आली नसती. वकीलसाहेबांनी शेवटी आणखी एक विचारलं, "भरतीरेषेपासून किती लांब?" मी म्हटलं, तीसेक मीटर असेल. त्यावर ते हसले. सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठचं अंतर १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते होतं. २०१९ च्या अधिसूचनेत ते ५० मीटरवर आणलं. आमचा तुकडा दोन्हींच्या आतच पडत होता. तिथे नवं घर बांधायला परवानगी मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नव्हता.

"पण मी घर बांधणार नाही म्हटलं तर? नुसती जागा घेऊन ठेवली तर?" मी विचारलं.

"तर मग बँकेने कर्ज कशाला द्यायचं?"

हे उत्तर तेव्हा मला तुसडं वाटलं होतं. पुढे शाखेत ते नीट उलगडलं. तिथल्या मॅनेजर मॅडम वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, घाटावरून बदलीवर आलेल्या. मी सरळच विचारलं की भावाला फ्लॅटच्या किमतीच्या जवळपास नव्वद टक्के मिळाले, वीस वर्षांची मुदत मिळाली, मग माझ्या अर्जावर सत्तर टक्के आणि दहा वर्षं का? त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं, कारण पुढची तीन वर्षं ज्या ज्या गोष्टीने आम्हाला पळवलं, तिचं मूळ त्यातच होतं.

रिझर्व्ह बँकेच्या गृहवित्ताच्या नियमांत नुसत्या प्लॉटसाठी कर्ज द्यायला मुभा आहे, पण एका अटीवर. कर्जदाराने लेखी जाहीर करायचं की या जागेवर मी घर बांधणार आहे, बँकेच्या पैशाने किंवा माझ्या स्वतःच्या, आणि तेही बँकेने ठरवलेल्या मुदतीत. मुदत किती, हे रिझर्व्ह बँक सांगत नाही, ते ज्या त्या बँकेवर सोडलं आहे. म्हणून एका बँकेत दोन वर्षं, दुसरीत तीन, तिसरीत पाच. त्या जाहीरनाम्याच्या जोरावर तुमचं जमिनीचं कर्ज घराच्या कर्जाच्या पंगतीत बसतं. घर झालंच नाही, तर ते निव्वळ जमिनीत घातलेले पैसे ठरतात, आणि जमिनीच्या सट्ट्याला पैसे पुरवणं बँकेला नको असतं.

"आणि सर, दुसरं असं," मॅडम म्हणाल्या, "फ्लॅटचा हप्ता माणूस सगळ्यात शेवटी थांबवतो. राहत्या घराचा प्रश्न असतो. प्लॉटवर कोणी राहत नसतं. तुम्ही भाडंही भरताय आणि प्लॉटचा हप्ताही. ओढाताण झाली की पहिला कोणता थांबेल?" मी काही बोललो नाही. भाडं थांबणार नाही, हे उघड होतं.

तिसरी गोष्ट किमतीची. चिपळुणात एखाद्या इमारतीतला फ्लॅट कितीला जाईल हे सांगता येतं, कारण शेजारचा गेल्या महिन्यात गेलेला असतो. सड्यावरच्या गुंठ्याचा भाव मात्र विकणारा कोण, घेणारा मुंबईचा की इथला, रस्ता बारमाही की उन्हाळ्यापुरता, यावर हलतो. वसुलीची वेळ आली तर बँकेला असा प्लॉट विकायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. तोवर गडगा, म्हणजे हद्दीचं दगडी कुंपण, सरकलेला असतो किंवा कोणीतरी काजू लावलेले असतात. मोकळ्या जागेला राखणदार नसतो, हे कोकणात वेगळं सांगायला नको.

शेवटी आम्ही घेतला तो अकरा प्लॉटच्या लहानशा लेआउटमधला. बिनशेतीचा आदेश आणि सनद होती, मंजूर रेखांकन होतं, रस्ता दस्तात दाखवलेला होता. ठरलेली किंमत वीस लाख. बँकेचा मूल्यांकनकार आला, हातात टेप घेऊन फिरला, आणि अहवालात अठरा लाख लिहिले. मला हा धक्का होता. बँक व्यवहाराची किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी असेल ती धरते. अठराचे सत्तर टक्के म्हणजे बारा लाख साठ हजार. वीस लाखांतले उरलेले सात लाख चाळीस हजार आमचे. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, शोध अहवाल यांचे सव्वा लाख, आणि ते कर्जात धरले जात नाहीत. म्हणजे हातचे पावणेनऊ लाखांच्या आसपास हवे होते. मी भावाच्या हिशोबाने दोन-तीन लाखांची तयारी ठेवली होती. बायकोचे दागिने, माझ्या भविष्य निर्वाह निधीतली उचल आणि सासऱ्यांचे दोन लाख, असं करून जमवलं.

हप्त्याचाही फरक तेव्हा समजून घेतला. आम्हाला लागलेला दर ७.६ टक्के होता आणि मुदत दहा वर्षं. हप्ता पंधरा हजारांच्या वर. तेवढीच रक्कम गृहकर्ज म्हणून ६.९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतली असती, तर हप्ता नऊ हजार सातशेच्या आत बसला असता. यात दराचा वाटा थोडा, खरा वाटा मुदतीचा. आणि या तोकड्या मुदतीचा दुसरा फटका मागाहून बसला. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो रेपो दर मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि आमच्या कर्जांचे दरही वाढले. भावाच्या बँकेने त्याचा हप्ता तसाच ठेवून वर्षं वाढवली. माझ्या कर्जाची मुदत दहा वर्षांपलीकडे नेता येत नव्हती, त्यामुळे हप्ताच साडेसोळा हजारांच्या वर गेला.

आता त्या अटीकडे येतो. मंजुरीपत्र नऊ पानांचं होतं. सातव्या पानावर एक कलम होतं, त्याचा अर्थ असा, की पहिली रक्कम दिल्यापासून छत्तीस महिन्यांत बांधकाम पूर्ण करून त्याचा पुरावा द्यावा. न दिल्यास दोन टक्के जास्त व्याज लागेल आणि बँक कर्ज परत मागू शकेल. मी या कलमात फक्त "छत्तीस महिने" एवढंच वाचलं आणि मनात म्हटलं, भरपूर आहेत. ज्या दोन शब्दांनी पुढे घाम फोडला ते नजरेतून निसटले. एक "पूर्ण". काही बँकांच्या पत्रांत बांधकाम "सुरू" करण्याची मुदत असते. जोतं घालून फोटो दिला की भागतं. आमच्या पत्रात पूर्ण करायचं होतं. दुसरा शब्द "पहिली रक्कम दिल्यापासून". हाही बँकेगणिक बदलतो. कुठे मंजुरीच्या तारखेपासून मोजतात, आणि मंजुरी ते खरेदीखत यात महिना-दोन महिने सहज जातात.

खरेदीखत १० मार्च २०२२ ला झालं. आमचा हिस्सा आधीच मालकाला दिलेला, त्याची पावती बँकेने घेतली होती. दुय्यम निबंधकांकडे बँकेचा माणूस डिमांड ड्राफ्ट घेऊन आला आणि सही-अंगठे झाल्यावर मूळ दस्त त्याच्याच पिशवीत गेला. आमच्या हाती राहिली दस्ताचा गोषवारा असलेल्या इंडेक्स टूची प्रत. त्या दिवसापासून घड्याळ चालू झालं. शेवटची तारीख १० मार्च २०२५.

मेस्त्रींकडे गेलो तेव्हा त्यांनी बोटांवर मोजलं. आमच्या मेस्त्रींना सगळे अण्णा म्हणतात. "जून ते सप्टेंबर पाऊस. गणपतीत गडी मिळत नाहीत. ऑक्टोबरात भातकापणी. दिवाळी उलटली की काम, ते मेअखेर. वर्षाला सात महिने धर." मार्च २०२२ चे उरलेले वीस दिवस, एप्रिल, मे. मग दोन पुरे हंगाम. मग नोव्हेंबर २०२४ ते १० मार्च. एकूण एकवीस महिने. बँकेचे छत्तीस कोकणात एकवीस होतात, हे मला पैसे उचलल्यानंतर कळलं. त्यातूनही शिमगा वजा करायचा असतो, पण तेव्हा अण्णांनी तो मोजला नाही आणि मीही नाही.

पहिले अडीच महिने कागदांतच गेले. सातबाऱ्यावर आमचं नाव लागायला फेरफार, त्याची पंधरा दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी. त्यात अडचण आली नाही. अडलं ते मोजणीत. तातडीची फी भरली, भूमापक आले, आणि पलीकडच्या जमिनीचे काका गडग्यावर उभे राहिले. "हा गडगा माझ्या आज्याचा आहे, हितून एक चिरा सरकवायचा नाय." नकाशात हद्द गडग्याच्या सव्वा मीटर पलीकडे दिसत होती, म्हणजे गडगाच आमच्यात आला होता. काकांची हरकत लेखी गेली, फेरमोजणी लागली आणि पाऊस आला. माझ्याकडून चूक एवढीच झाली, की मोजणी खरेदीच्या आधी मागायला हवी होती. लेआउट मंजूर आहे म्हटल्यावर मोजणीची गरज काय, असं मला वाटलं. मंजूर रेखांकन कागदावरची हद्द सांगतं. जमिनीवरची हद्द शेजारी सांगतो, आणि शेजाऱ्याला आपल्या बँकेच्या मुदतीचं काही देणंघेणं नसतं.

शेवटी आम्ही गडग्याला हात लावला नाही. सव्वा मीटर सोडला आणि गडग्याच्या आतून कंपाउंड घ्यायचं ठरवलं. काकांचा राग गेला. पुढे आमच्या विहिरीचा विषय आला तेव्हा तेच मदतीला आले. जानेवारी २०२३ मध्ये फेरमोजणीचा नकाशा हाती आला. त्यावर घराचे नकाशे, मग बांधकाम परवानगीचा प्रस्ताव. जागा गावठाणाबाहेर असल्याने ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर भागत नव्हतं, प्रस्ताव नगररचनेच्या अभिप्रायाला गेला. परवानगी मार्चअखेर मिळाली. म्हणजे एकवीसपैकी साडेसात महिने एकही चिरा न लावता संपले होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी मला कोणी सांगितली नाही. प्लॉट आणि बांधकाम दोन्हींचं मिळून एकत्र कर्ज मिळतं. प्लॉटची रक्कम आधी देतात, बांधकामाची टप्प्याटप्प्याने. ते घेतलं असतं तर दुसऱ्यांदा अर्ज, दुसऱ्यांदा वकील, दुसऱ्यांदा मूल्यांकन यातून सुटलो असतो. पण मी मॅडमना उशिरा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, त्यातही बांधकामाची मुदत असते आणि ती बहुधा आणखी आवळलेली असते. शिवाय बांधकामाचा अंदाज सुरुवातीलाच द्यावा लागतो. ज्याचे नकाशे तयार आहेत आणि जो लगेच काम काढणार आहे, त्याला ते सोयीचं. आमच्यासारख्या हद्दीच्या वादात अडकलेल्याला ते कितपत मानवलं असतं, कोण जाणे.

एप्रिल-मे २०२३ मध्ये बचतीतल्या पैशांनी जोतं घातलं. जोत्यावर प्लास्टिक आणि वर झावळ्या टाकून पाऊस काढला. त्या पावसाळ्यात बांधकामाच्या कर्जाचा अर्ज केला. घर साडेआठशे चौरस फुटांचं, अंदाज सतरा लाखांचा, मागणी अकरा लाखांची. इथे प्लॉटचं कर्ज आडवं आलं. बँकेने पगारातून आधी त्याचा हप्ता वजा धरला आणि उरलेल्यात नवा हप्ता किती बसतो ते पाहिलं. बायकोला सहकर्जदार घेतलं तेव्हा जमलं.

मंजुरीसोबत टप्प्यांचा तक्ता आला. जोत्यापर्यंत वीस टक्के, भिंतींना तीस, स्लॅबला तीस, आतलं काम वीस. तक्ता पाहून अण्णा म्हणाले, "स्लॅब? तुमच्या घराला स्लॅब कुठाय?" आमचं घर चिऱ्याच्या भिंतींचं, वर लाकडी छप्पर आणि मंगळुरी कौलं. बँकेचा तक्ता खांब-तुळया-स्लॅबच्या घरासाठी केलेला. डिसेंबरात भिंती वर गेल्या, पाहणीला आलेल्या अभियंत्याने भिंतींचा टप्पा मान्य केला. पण छप्पर चढवायला लाकूड आणि कौलं आणायची तर पुढचे तीस टक्के हवेत, आणि ते स्लॅब झाल्यावरच मिळणार. स्लॅब कधीच होणार नव्हता. पंधरा दिवस हा तिढा सुटेना. शेवटी आमच्या आर्किटेक्टने सुधारित अंदाजपत्रक दिलं. त्यात "छप्पर व कौलारू काम" हा टप्पा स्लॅबच्या जागी घातला, त्याचे दोन भाग केले, आणि बँकेच्या अभियंत्याने त्यावर सही केली. ज्याला कौलारू घर बांधायचंय त्याने हा बदल मंजुरीच्या आधीच करून घ्यावा. नंतर केला की पंधरा दिवस जातात, आणि जानेवारीतले पंधरा दिवस म्हणजे काय ते मेस्त्रीला विचारा.

मे २०२४ मध्ये कौलं चढली. २८ तारखेला शेवटचं कोन्याचं कौल बसलं आणि सात जूनला पाऊस धरला. त्या पावसाळ्यात मी दर रविवारी जाऊन आत उभा राहायचो. जमीन मातीची होती, दारं नव्हती, पण डोक्यावर पाणी येत नव्हतं.

कराचं थोडक्यात सांगतो. आमच्या कारखान्याच्या हिशोब विभागात मी पहिल्याच वर्षी व्याजाचा दाखला दिला होता आणि तो परत आला. जुन्या करप्रणालीत घरासाठीच्या कर्जाच्या व्याजाची वजावट घर पुरं झाल्याशिवाय सुरू होत नाही. तीन वर्षं मी व्याज भरलं ते नुसतं भरलं. आणि तिथेही एक मुदत आहे. कर्ज ज्या आर्थिक वर्षात घेतलं त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झालं नाही, तर स्वतः राहत असलेल्या घरासाठीची दोन लाखांची वजावटीची मर्यादा तीस हजारांवर येते. म्हणजे बँकेची मुदत वेगळी, प्राप्तिकराची वेगळी, आणि दोन्ही एकमेकींना ओळखत नाहीत.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आतलं काम सुरू झालं. दारं-खिडक्या, जमीन, गिलावा, वीज. जानेवारीत मला खात्री होती की फेब्रुवारीअखेर काम संपेल. फेब्रुवारीच्या मध्यावर गिलाव्याचे गडी म्हणाले, "भाऊ, आम्ही शिमग्याक जातो." २०२५ ची होळी १३ मार्चला होती. पालख्या त्याआधीच निघतात, नंतरही फिरतात. गावाची पालखी सोडून गिलावा करणारा गडी कोकणात मिळणार नाही, आणि मिळालाच तर तो कामाला घेऊ नये, असं अण्णांचं मत. दोन खोल्यांचा गिलावा आणि स्वयंपाकघराचा कडाप्पा राहिला होता. बँकेची तारीख १० मार्च.

मी घाबरलो ते दोन टक्क्यांना. मग हिशोब केला. प्लॉटच्या कर्जाची बाकी तेव्हा साधारण दहा लाख होती. दोन टक्के म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या जवळपास, महिन्याला साडेसोळाशे. दोन महिने उशीर झाला तर तीन-साडेतीन हजार. हे काही घर विकायला लावणारे पैसे नव्हते. भीती होती ती दुसऱ्या ओळीची, कर्ज परत मागण्याच्या हक्काची, आणि आमचं बांधकामाचं कर्जही त्याच बँकेत असल्याने शेवटचा वीस टक्क्यांचा हप्ता अडवला जाण्याची.

शाखेत गेलो. मॅडमची बदली झाली होती, नवे साहेब होते. त्यांनी फाइल चाळली आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये काढलेल्या परिपत्रकानंतर अट मोडल्याचा दंड व्याजदरात मिसळून लावता येत नाही. तो वेगळं शुल्क म्हणून दाखवावा लागतो आणि त्यावर व्याज चढत नाही. म्हणजे पत्रातली "दोन टक्के जास्त व्याज" ही भाषा जुनी झाली होती. पण घर अजिबातच उभं न करणाऱ्याचं कर्ज गृहकर्जाच्या वर्गातून काढून दुसऱ्या दरावर नेणं, हा प्रकार वेगळा आणि तो होतो, असंही ते म्हणाले. दुसरी, "तारीख उलटायच्या आधी अर्ज द्या. नंतर दिलात तर मी खुलासा मागेन. आधी दिलात तर मी शिफारस करेन."

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. भावनिक काही नाही. खरेदीची तारीख, मोजणीच्या हरकतीचा आणि फेरमोजणीचा कागद, परवानगीची तारीख, बँकेच्याच अभियंत्याच्या तीन पाहणी अहवालांचे क्रमांक, कौलं चढल्याचा तारखेसह फोटो, राहिलेल्या कामाची यादी आणि अण्णांच्या सहीचं ३० एप्रिलपर्यंत पूर्ण करण्याचं पत्र. मागणी तीन महिन्यांची. साहेबांनी यादी वाचून विचारलं, "कारणांत शिमगा लिहिलाय?" मी म्हटलं, "खरं कारण तेच आहे." त्यांनी पेनाने तो शब्द खोडून "मजुरांची हंगामी अनुपलब्धता" असं केलं आणि अर्ज वर पाठवला.

५ मार्चला तीन महिन्यांची मुदतवाढ लेखी आली. लेखी यासाठी म्हणतोय, की शेजारच्या प्लॉटवाल्यांना त्यांच्या बँकेत "चालेल हो" असं तोंडी सांगितलं गेलं, शाखेतला माणूस बदलला, आणि त्यांच्या खात्यात शुल्क पडलं. ते अजून पत्रव्यवहार करताहेत.

गडी पंचवीस मार्चला परत आले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात गिलावा झाला, कडाप्पा बसला, आर्किटेक्टने पूर्णत्वाचा दाखला मागितला. मेमध्ये तो आला आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीची नोंद झाली. दोन्हींच्या प्रती बँकेत दिल्या, तेव्हा साहेबांनी पावतीवर शिक्का मारला. आता आणखी एक अर्ज चालू आहे. घर झालं म्हणजे प्लॉटचं कर्ज बांधकामाच्या कर्जात मिळवून गृहकर्जाच्या दरावर आणा, असा. बँक म्हणते बघू, त्यासाठी नवं मूल्यांकन लागेल. मूल्यांकनकार परवा येणार आहे. तोच, टेप घेऊन फिरणारा. काकांनी गडग्यावर बसून विचारलं, "आता या बापड्याला काय मोजायचंय?"